ठेंगा

रात्री पावणेदहाला मी तो मेसेज पाठवला. लिहायला पस्तीस मिनिटं लागली होती. मेहरूण तलावावरची संध्याकाळ, पाण्यावर उतरलेला उजेड, काठावर बोरं विकणारी म्हातारी आणि या सगळ्यात कुणाची तरी जाणवलेली उणीव, असा एकूण मजकूर होता. ‘कुणाची तरी’ हे शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा ठेवले होते. शुद्धलेखन तपासलं होतं. दोन्ही टिका निळ्या झाल्या आणि उत्तर आलं:

👍

मी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘निबंध किमान दीडशे शब्दांचा हवा’ हे वाक्य गेली नऊ वर्षं मी फळ्यावर लिहितोय. माझा मेसेज सव्वाशे शब्दांचा होता. त्याला समोरून आलेल्या अंगठ्याला किती गुण द्यावेत, हे मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना फोन दाखवला. ते अमळनेरकडचे, मीही तिकडचाच, त्यामुळे भीडभाड नाही. त्यांनी फोन हातभर लांब धरला आणि निकाल दिला, “भो, हाऊ ठेंगा शे.”

मराठी माणसाची ही अडचण कुणी लक्षातच घेतलेली नाही. जगाला अंगठा म्हणजे ‘छान’. आपल्याकडे अंगठा दाखवला म्हणजे संपलं.

तिची ओळख चुलत बहिणीच्या लग्नातली. बहिणीची मैत्रीण, भुसावळची, जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. हळदीचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते, ते हवेत म्हणून तिनेच नंबर दिला. मी चौदा फोटो पाठवले आणि खाली रसग्रहण लिहिलं. तेव्हाही अंगठाच आला होता, पण लग्नाच्या गडबडीत मी तो आहेर समजून ठेवून घेतला.

महिनाभरात तिचा सगळा शब्दसंग्रह माझ्या हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मावला. 👍, 😂, 🙈, ‘हो ना’, ‘ह्म्म’ आणि ‘बरं’. यातलं ‘बरं’ दोन प्रकारचं. नुसतं ‘बरं’ म्हणजे पुढे बोला. ‘बरं.’ म्हणजे आई हाक मारतेय. हा पूर्णविरामाचा फरक कळायला मला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत मी तीन वेळा पूर्णविरामानंतर बोलत राहिलो.

आधी वाटलं, आपणही तिची भाषा बोलावी. त्यासाठी थोडा अभ्यासही केला, सवयच आहे. मला वाटायचं ‘इमोजी’ हा शब्द ‘इमोशन’वरून आला. तसं नाही. तो जपानी आहे, ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. १९९९ मध्ये तिथल्या एका मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रांचा एक संच निघाला, एकेक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत बसवलेलं. एवढ्याशा रांगोळीत माणसाने चंद्र, छत्री, तुटलेलं काळीज सगळं मांडलं, हे वाचून मला आदर वाटला. त्या आदरापोटी मी तिला एका ओळीत नऊ इमोजी पाठवले. सूर्योदय, चहा, पुस्तक, रेल्वे, फूल, मोर वगैरे. माझ्या मते ती सकाळची कविता होती.

तिचं उत्तर आलं, “हॅक झालं का?”

तोपर्यंतचं तिचं ते सर्वांत मोठं वाक्य. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मग गणिताच्या सरांनी हजेरीपट मागितला. मी तिच्या प्रत्येक उत्तरापुढे वेळ लिहीत होतो (हे वाचून माझ्याबद्दल जे मत होईल ते होऊ द्या). त्यांनी पेन्सिलीने गोल केले. जवळजवळ सगळी उत्तरं सकाळी नऊ ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते पावणेसातच्या आत. मधे दिवसभर काही नाही. “ही गाडीत राहते का?” सरांनी विचारलं, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती अप-डाउन करते! भुसावळ-जळगाव, पासवाल्यांची गर्दी, एक हात वरच्या कडीला, खांद्यावर डबा, दुसऱ्या हातात मोबाइल. लिहायला उरतो एक अंगठा. तो ती मला पाठवत होती. दिवसभर हातात ग्लोव्हज आणि समोर लोकांचं रक्त. त्यात माझा सव्वाशे शब्दांचा तलाव.

ठेंगा नाही, हे सरांनी आणखी एका गोष्टीवरून सिद्ध केलं. उत्तर एकदाही चुकलेलं नव्हतं आणि चित्रं बदलत होती. माझ्या कोरड्या विनोदाला 😂 नव्हता, बऱ्यापैकी विनोदाला होता. म्हणजे वाचत होती. दोन वर्षांपूर्वी एकीने मला सलग पाच आठवडे फक्त ‘ओके’ पाठवलं होतं, माझ्या वाढदिवसालाही. त्यात काही शोधण्यासारखं नव्हतं. मी शोधत बसलो तो माझा दोष, आणि थांबलो ते बरं केलं.

तर पद्धत बदलली. पहिलं म्हणजे, ‘दिवस कसा गेला?’ बंद. या प्रश्नाला एक तर निबंध लिहावा लागतो नाहीतर ‘बरा’ म्हणावं लागतं. त्याऐवजी सहा वाजून दहा मिनिटांनी लिहिलं, “गाडी वेळेवर की परंपरेप्रमाणे?” उत्तर, “😭 ४०”. चाळीस मिनिटं लेट. दोन खुणांत अख्खी संध्याकाळ आली. मी लिहिलं, “भादलीला चहा पाठवू?” उत्तर, “😂 पाठवा”. एका मेसेजला एकच प्रश्न, एका अंगठ्याने देता येईल असा, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा मेसेज नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. मी फोन धान्याच्या कोठीवर ठेवून अंगणात जायचो. आई विचारायची, “काय करी ऱ्हायना रे?” काय सांगणार? वाट पाहतोय म्हणून?

दुसरं, वर्णन बंद. मेहरूणच्या बोरांवर माझ्याकडे दोन परिच्छेद तयार होते आणि त्यात तिच्या हसण्याची उपमाही बसवलेली होती. ते पुसून टाकले. मूठभर बोरांचा फोटो काढला आणि खाली एवढंच लिहिलं, “गोडीत दुसरा नंबर.”

पहिला कुणाचा, हे लिहिलंच नाही. अर्धं वाक्य तिच्यासाठी ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वाक्य अर्धं सोडलं, हात थरथरत होते. उत्तर दोन मिनिटांनी आलं. 🙈

हजेरीपटात मी त्या दिवशी सुट्टी लिहिली.

माणसाला यश आलं की तो घसरतोच. डिसेंबर लागला, भरीत पार्ट्या सुरू झाल्या. आसोद्याच्या रस्त्याला मित्राचं शेत आहे, शनिवारी तिथे बेत ठरला. बहीण येणार होती, हिलाही बोलवावं म्हटलं. आता मी थोडक्यात लिहिण्यात पटाईत झालो होतो. लिहिलं:

“शनिवारी? 🍆🔥”

निळ्या टिका. मग काही नाही. सकाळची गाडी गेली, संध्याकाळची गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. शेवटी संगणक विभागातल्या तरुण सरांना विचारलं. त्यांनी स्क्रीन पाहिली, दार लावून घेतलं आणि त्या वांग्याचा जगभर काय अर्थ होतो ते मला सांगितलं. तो अर्थ कोणत्याही इयत्तेला शिकवण्यासारखा नाही. मी घाबरून म्हटलं, “मग केळी?” ते म्हणाले, “सर, तुम्ही केळी पाठवू नका.”

जळगावकराने करायचं काय? दोनच पिकांवर आमचं नाव, दोघांनाही भौगोलिक मानांकन, आणि जगाने नेमकी तीच दोन बदनाम करून ठेवली. बरं, ज्याला भरीत माहीत आहे त्याचा गैरसमज होऊच नये. आमचं भरताचं वांगं हिरवं असतं, पांढरट झाक असलेलं, चांगलं हातात न मावणारं. ते जांभळं चित्र आमचं नाहीच. हा मुद्दा मी तिला रात्री लिहून पाठवला, मानांकनासकट. सगळी शिस्त मोडून एकशे ऐंशी शब्द झाले.

सकाळी नऊ वाजून सहा मिनिटांनी उत्तर आलं.

“😂😂😂”

मग, “नाइट होती दोन दिवस”.

मग, “तिखट किती?”

हे तिसरं मी गणिताच्या सरांना दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “प्रश्नचिन्ह.” दोन महिन्यांत ‘हॅक झालं का’ सोडलं तर तिने मला काहीच विचारलं नव्हतं, आणि ते विचारणं पोलिसी होतं. हे वेगळं होतं.

शनिवारी ती आली. मला वाटलं होतं, प्रत्यक्षात ही धो धो बोलेल. छे! कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी काळी पडून फुटायला लागली, साल काढून गर बडगीत गेला, हिरव्या मिरच्या-लसणाचा ठेचा पडला, कांद्याची पात पडली, आणि ती गप्प बसून बघत होती. पहिला घास कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ला आणि म्हणाली, “मीठ.”

मी मीठ दिलं. तिने मान डोलावून अंगठा वर केला. मिरची लागली तेव्हा डोळ्यांत पाणी आणून हसली, अगदी तस्सं. मी बोरांचा विषय काढला तर भाकरीचा हात तसाच डोळ्यांवर गेला. मी बघतच राहिलो. महिनोन्महिने मी ज्यांचे अर्थ शोधत होतो, ते तिचे चेहरे होते! ती काही शॉर्टकट मारत नव्हती, जशी होती तशी पाठवत होती.

त्या रात्री पावणेदहाला मी मोठा मेसेज लिहायला घेतला. चार ओळी झाल्यावर पुसला आणि “पोचलीस?” एवढंच पाठवलं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते पाठवल्यावर लक्षात आलं.

वर ‘टायपिंग’ दिसायला लागलं. दिसतच राहिलं. थांबलं, परत सुरू झालं. मी फोन कोठीवर ठेवून आलो, परत घ्यायला गेलो, तरी टायपिंगच. मग आलं:

“पोचले. भरीत छान होतं पण मीठ खरंच कमी होतं आणि भाकरी जाड होती. पुढच्या शनिवारी कळण्याचं पीठ मी आणते, आमच्या आईच्या हातचं. मिरच्या तुम्ही आणा. आणि बोरं पण. दुसऱ्या नंबरची.”

मी चार वेळा वाचलं. घशात काहीतरी अडकलं, डोक्यातले सगळे शब्द पळून गेले. बोट जे सापडलं त्यावर पडलं.

👍

लगेच उत्तर आलं, “दीडशे शब्द कुठे गेले सर?”