दिव्याचे तास शून्य केले म्हणून दिवा नवा होत नाही

«प्रोजेक्टर पिवळा किंवा अंधुक दिसतोय? म्हणजे दिवा संपला! १) दिवा बाहेर काढून स्पिरिटने पुसा. २) मेन्यूत जाऊन दिव्याचे तास शून्य करा, दिवा पुन्हा नव्यासारखा चालेल. ३) फिल्टर काढून टाका, हवा मोकळी खेळेल. ४) केबलचा रंगाशी काही संबंध नसतो. सर्व शिक्षक बंधू-भगिनींना पाठवा.»

पाठवलंच कुणीतरी, आणि माझ्या ताईपर्यंत पोचलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातलं चित्र आठवडाभर पिवळं पडलं होतं, म्हणून तिने स्पिरिटची बाटली आणि स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर काढून ठेवला होता आणि मग मला फोन केला. क्रम उलटा झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करूनच माझं डोकं फिरलं.

आधी दुसरा मुद्दा, कारण सगळ्यात घातक तोच आहे. मेन्यूतला तासांचा आकडा दिव्याची तब्येत मोजत नाही, दिवा किती वेळ पेटला एवढंच मोजतो. तो शून्य करणं म्हणजे आधार कार्डावरची जन्मतारीख बदलून गुडघेदुखी थांबेल अशी आशा धरणं. शाळांतल्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये बहुतेक करून पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. पेटल्यावर त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या काचनळीत २०० बारच्या आसपास दाब तयार होतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, म्हणजे तुलना कळेल. वापराने ती काच पांढुरकी होत जाते आणि कमजोरही. तास भरले की प्रोजेक्टर सूचना देतो ती याचसाठी. आकडा पुसलात तर सूचना येणार नाही आणि एक दिवस भर वर्गात ‘फट्’ आवाज होऊन काचेचे तुकडे आणि पाऱ्याची वाफ पसरू शकेल. एप्सनच्या वापर-पुस्तिकेतही स्पष्ट लिहिलंय की दिवा बदलल्याशिवाय तासांची नोंद शून्य करू नका. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते पान उघडलेलं दिसत नाही.

स्पिरिटचा सल्ला त्याचाच धाकटा भाऊ. काचेला बोटांचा तेलकटपणा लागला तर तेवढाच भाग जास्त तापतो, आणि गरम दिव्याला गार ओला बोळा लागला तर काच तडकू शकते. दिवा पुसून उजेड वाढत नाही. बाहेरचं भिंग मऊ कापडाने हलकेच पुसा, तेवढं पुरे.

आता चौथा मुद्दा, कारण ताईचं दुखणं तिथेच निघालं. मी तिला फोनवरच म्हटलं, "रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाब. मेन्यूतला पांढरा रंग पांढरा दिसतोय का?" म्हणाली, "हो रे, पांढराशुभ्र." झालं! मेन्यू प्रोजेक्टर स्वतः काढतो, तो केबलमधून येत नाही. दिवा थकला असता तर मेन्यूही तसाच दिसला असता. तिची केबल निळ्या तोंडाची, १५ पिनांची व्हीजीए. त्यात पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. निळी तुटली की पांढरं पिवळं होतं, हिरवी गेली की गुलाबी-जांभळं, लाल गेली की निळसर-हिरवं. तिला केबलचं तोंड हलवायला सांगितलं तर क्षणभर रंग परत आला आणि पुन्हा गेला. लॅपटॉपच्या बाजूचे दोन्ही स्क्रू सैल होते आणि तिसरी पिन वाकली होती. दोन्ही उपकरणं बंद करून तिने चिमट्याने पिन सरळ केली, स्क्रू आवळले. पिवळेपणा गेला. एचडीएमआयचं मात्र वेगळं आहे. तिथे सैल जोडणीने सहसा चित्र लुकलुकतं किंवा जातंच, आणि पूर्ण गुलाबी-हिरवं दिसत असेल तर बहुधा रंगाच्या सेटिंगची गडबड असते.

फिल्टरबद्दल फार बोलत नाही. काढून टाकलात तर खडूची धूळ थेट आतल्या काचांवर बसेल. गुदमरला असेल तर प्रोजेक्टर बंद करून, थंड झाल्यावर, जाळी बाहेर काढून मऊ ब्रशने झाडा. ताईच्या फिल्टरवर इतका थर होता की त्यावर नाव लिहिता आलं असतं. चित्र लगेच उजळेल असं मात्र नाही; फायदा उष्णता कमी होण्यात आहे, कारण जास्त तापल्यावर काही प्रोजेक्टर स्वतःहून उजेड उतरवतात.

आणि हो, नाइलाजाने मान्य करतो: दिवा जुना झाला की चित्र मंद होतं, थोडा रंगही बदलतो. पण ते महिनोन्‌महिने हळूहळू आणि पडदाभर होतं. एका रात्रीत पिवळं झालं तर केबल बघा. मेन्यूसकट एकाच कोपऱ्यात पिवळा डाग असेल तर आतलं पॅनेल किंवा त्याच्या पुढची पट्टी उष्णतेने भाजली असेल, तिथे नवा दिवाही कामाचा नाही. ताईच्या दिव्याचे तास आम्ही पाहिले तेव्हा १,८५० होते, आणि तिच्या मॉडेलच्या दिव्याची मुदत ५,००० तासांची. उरलेला अंधुकपणा वीज वाचवायला उजेड कमी ठेवणाऱ्या इको मोडचा निघाला.