गालाच्या स्वॅबवरून धावायचं अंतर ठरत नाही

«मुलगा १०० मीटरचा की लांब पल्ल्याचा, हे जन्मतःच ठरलेलं असतं. एसीटीएन-थ्री जीनची टेस्ट करा. आरआर आला तर स्प्रिंटर, एक्सएक्स आला तर मॅरेथॉन. स्नायू काही बदलत नाहीत, मग चुकीच्या इव्हेंटमध्ये वर्षं कशाला घालवायची? दहाव्या वर्षीच टेस्ट करून टाका.»

सोलापुरात मुलांना पार्क मैदानावर सोडायला येणाऱ्या कितीतरी पालकांच्या फोनवर हा मजकूर पोचला आहे. त्यावर विश्वास ठेवून कुणी एखाद्या मुलीला २०० मीटरमधून काढू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

यातलं खरं आधी सांगतो. स्नायूत संथ आणि वेगवान असे दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू ऑक्सिजनवर चालतात आणि बराच वेळ टिकतात. वेगवान तंतू झटकन आकसतात, जोर जास्त लावतात आणि लवकर दमतात. अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन फक्त वेगवान तंतूंमध्ये असतं आणि तंतूच्या आतली आकसणारी रचना जागच्या जागी धरून ठेवतं. ते बनवायची सूचना एसीटीएन-थ्री जीनमध्ये असते. काहींच्या जीनमध्ये ही सूचना अर्ध्यावरच तुटलेली असते. दोन्ही प्रती धड असल्या तर रिपोर्टवर आरआर येतं. आई आणि वडील दोघांकडूनही तुटकी प्रत आली की एक्सएक्स येतं आणि हे प्रथिन शरीरात अजिबात बनत नाही. हा आजार नव्हे. जगात साधारण पाच-सहा माणसांत एक असा असतो आणि त्याच्या स्नायूंत अल्फा-ॲक्टिनिन-२ हे भावंड-प्रथिन बरंचसं काम सांभाळून घेतं.

सगळा गाजावाजा २००३ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासातून सुरू झाला. सर्वसामान्य लोकांत एक्सएक्स १८ टक्के होते, अव्वल स्प्रिंट आणि ताकदीच्या खेळाडूंत फक्त ६ टक्के. फरक खरा आहे. पण त्याचा एका मुलासाठी उपयोग किती, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

समजा १,००० मुलं टेस्टला आली आणि त्यांत पुढे अव्वल स्प्रिंटर होऊ शकतील अशी दहा आहेत. टेस्टच्या आधी कुठल्याही मुलाची शक्यता शंभरात एक. आता टेस्ट करू. १८० मुलं एक्सएक्स निघतील, ८२० बाकीची, म्हणजे निदान एक धड प्रत असलेली. दहा गुणी मुलांपैकी साडेनऊच्या आसपास या ८२० मध्ये असतील. म्हणजे ‘स्प्रिंटर’ असा रिपोर्ट आलेल्या मुलाची शक्यता १ टक्क्यावरून जेमतेम १.१५ टक्क्यांवर गेली. ८२० मुलांच्या पालकांना आनंदाची बातमी मिळाली आणि त्यांच्या मुलांबद्दल नवं काहीच कळलं नाही. आपल्याकडे या जीनचं प्रमाण थोडं वेगळं असलं तरी हिशेबाची रीत हीच.

एक्सएक्स आलेल्याची शक्यता मात्र घटून तिसऱ्या हिश्श्यावर येते, हे मान्य करायला हवं. तरी दार बंद होत नाही. स्पेनच्या एका लांब उडीपटूच्या स्नायूंत हे प्रथिन नव्हतंच. त्याची सर्वोत्तम उडी ८.२६ मीटर होती आणि तो दोनदा ऑलिम्पिकला गेला. २०१६ मध्ये अव्वल धावपटूंच्या स्प्रिंटच्या वेळा या जीनशी ताडून पाहिल्या, तेव्हा वेळांमधल्या फरकाचा साधारण एक टक्का या जीनने उलगडला. उरलेल्या ९९ टक्क्यांत इतर शेकडो जीन, प्रशिक्षण, स्नायुबंध, पायाची ठेवण, आहार, दुखापती असं सगळं येतं.

एक्सएक्स म्हणजे मॅरेथॉन, ही समजूत तर आणखी कच्ची आहे. तिचं मूळ उंदरांत सापडतं. हा जीन बंद केलेले उंदीर दमेपर्यंत इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त अंतर धावले. माणसांत हे नीट जुळलं नाही. केनियात एक्सएक्स माणसं शंभरात जेमतेम एक आणि इथिओपियात शंभरात दहाच्या आसपास सापडली, युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा कितीतरी कमी. फॉरवर्डचा नियम लावला तर केनियाने लांब पल्ल्याचे धावपटू घडवायलाच नको होते!

आता ‘स्नायू बदलत नाहीत’ याकडे येऊ. जुळ्यांच्या आणि भावंडांच्या अभ्यासांवरून १९९५ साली असा अंदाज निघाला की संथ तंतूंच्या प्रमाणातला माणसामाणसांतला फरक सुमारे ४५ टक्के आनुवंशिक आणि ४० टक्के परिस्थिती व सरावातून येतो. उरलेला मोजमापातली चूक. वेगवान तंतूंमध्येही दोन जाती आहेत. सर्वांत स्फोटक आणि लगेच दमणारी ती टू-एक्स, आणि वेग राखून थोडी टिकणारी ती टू-ए. काही आठवड्यांच्या नियमित सरावाने टू-एक्स तंतू टू-ए जातीकडे सरकतात. संथ तंतू पूर्ण वेगवान होणं मात्र फार अवघड. म्हणून वेगाची कमाल मर्यादा वाढवणं जड जातं आणि दम वाढवणं त्यामानाने सोपं जातं, हा मैदानावरचा अनुभव खरा आहे. पण याचा अर्थ मुलं दोनच खोक्यांत बसतात असा होत नाही. ८०० मीटरमध्ये साधारण साठ टक्के ऊर्जा ऑक्सिजनवर मिळते आणि तरीही वेगवान तंतू लागतात. हे अंतर रिपोर्टच्या कोणत्या खोक्यात टाकायचं? आपल्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्याच्या ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावत होत्या. नंतर ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या.

दहाव्या वर्षी ठरवायची घाई तर सर्वांत नुकसानीची. शालेय स्पर्धांत १४ वर्षांखालच्या गटात जिंकणारा मुलगा पुष्कळदा फक्त लवकर वयात आलेला असतो. उंची आधी वाढली, स्नायू आधी भरले, म्हणून पुढे. दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात. स्वॅब यातलं काही सांगत नाही.

इव्हेंट ओळखायचा तर स्टॉपवॉच पुरतं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं १०० आणि १६०० अशी दोन्ही टायमिंग देतात. तीच पद्धत लहानांसाठी थोडी नेमकी करायची. एका दिवशी २०० आणि दोन दिवस विश्रांतीनंतर ८०० असं करत १००, २००, ४०० आणि ८०० ची वेळ घ्यायची. मुलं ताजी हवीत, मे महिन्यातल्या उन्हात नको, आणि दर वेळी घड्याळ एकाच माणसाच्या हातात असावं. मग वेळ अंतरागणिक किती ढासळते ते पाहायचं. समजा चौदा वर्षांच्या दोन मुली आहेत. पहिलीची ४०० मीटरची वेळ ६४ सेकंद आणि ८०० ची २ मिनिटं ४० सेकंद. दुप्पट केले तर १२८, म्हणजे ती ३२ सेकंदांनी ढासळली. दुसरी ४०० ला ६७ लावते, पण ८०० दोन मिनिटं २६ मध्ये संपवते. ढासळ फक्त १२ सेकंद. पहिलीचा कल आज २००-४०० कडे आहे, दुसरीचा ८००-१५०० कडे. मात्र पहिलीने ८०० चा सराव कधी केलाच नसेल तर ३२ चा आकडा तिच्या स्नायूंबद्दल नव्हे, सरावाबद्दल बोलतो. आठ-दहा आठवडे सोप्या लांब धावा दिल्यावरही ढासळ फारशी कमी झाली नाही आणि २०० मीटरची वेळ तशीच चांगली राहिली, तरच तिला छोट्या अंतराकडे वळवायचं. हीच चाचणी दर सहा महिन्यांनी, उंची वाढायची थांबेपर्यंत घ्यायची आणि तोवर तिला दोन्हीकडे धावू द्यायचं.