पेनाने लिहून घ्या आणि निवांत झोपा

भाड्याने घर घेताय? मग लिव्ह अँड लायसन्सचा ड्राफ्ट अजिबात वाचू नका. एजंट लॅपटॉप आणि थंब स्कॅनर घेऊन घरी आलाय, पोहे खातोय, आणि तुम्ही काय म्हणे "थांबा, कलम नऊ वाचतो", शोभतं का हे? अंगठा लावा, फोटोला हसा, मोकळे व्हा.

माझंच बघा ना. पुण्यातला वन बीएचके, भाडं 18 हजार, डिपॉझिट 60 हजार. छापील कलमात होतं, "जागा सोडताना रंगकामाचा योग्य तो खर्च डिपॉझिटमधून वळता करण्यात येईल." आता योग्य म्हणजे किती, आणि कुणाच्या मते योग्य? मालक काकांच्या मते अख्खं घर, माझ्या मते टीव्हीमागची भिंत. पण असली संदिग्धता मुळीच काढून टाकू नका हां, कारण तुमच्या बाजूने एक नियम आहे: शब्दाचे खरोखरच दोन अर्थ निघत असतील तर ज्याने मसुदा केला त्याच्या विरोधात वाचायचं. ऐकायला काय भारी वाटतं! फक्त हा नियम रांगेत सगळ्यात शेवटी उभा असतो. आधी शब्दाचा साधा अर्थ बघतात, मग बाकीची कलमं धरून काही जुळतंय का ते बघतात, आणि तरीही गाठ सुटली नाही तर ह्याचा नंबर. तोवर डिपॉझिट काकांकडेच असतं.

तरी मी हुशार, मी अंगठा लावून झाल्यावर आठवड्याने एजंटला म्हटलं पेंटिंगचं काय ते क्लिअर करा. तो म्हणाला "सर टेन्शन नका घेऊ", आणि माझ्या प्रिंटवर निळ्या पेनाने समासात लिहून दिलं, "पेंटिंग लागू नाही". सही नाही, तारीख नाही, पण अक्षर काय सुंदर! मी तर फाईलमध्ये लॅमिनेट करून ठेवलं.

आणि तुम्हीही असंच करा, कारण हाताने लिहिलेलं छापील मजकुराला हरवतं हे खरंच आहे, 1803 सालापासून इंग्लंडची कोर्टं हे सांगतायत, रॉबर्टसन वि. फ्रेंच नावाच्या खटल्यात लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं. त्यामागचं कारणही पटण्यासारखं आहे, छापील फॉर्म सगळ्या गावासाठी असतो, पेनाने लिहिलेले शब्द मात्र त्या दोघांनी त्या सौद्यासाठी मुद्दाम निवडलेले असतात. पण दोन्ही एकत्र वाचता येत असतील तर एकत्र वाचतात, खरा विरोध असेल तरच पेन जिंकतं. आणि ते शब्द सही करायच्या आधी आणि दोघांच्या संमतीने आलेले असावे लागतात, हा बारीक तपशील तुम्ही सोडून द्या, मीही सोडला होता. नोंदणी कायद्याचं कलम 20 तर आणखी खडूस, कागदावर खाडाखोड किंवा मध्येच घुसवलेली ओळ दिसली आणि करार करणाऱ्यांनी तिथे सही किंवा इनिशियल करून ती मान्य केलेली नसली तर रजिस्ट्रार दस्त घ्यायलाच नकार देऊ शकतो. ऑनलाइन रजिस्ट्रेशनमध्ये तर पेनाला जागाच नाही. बदल हवा तर अंगठ्याआधी ड्राफ्टमध्ये टाईप करून घ्यायचा, म्हणजे दोन मिनिटांचं काम, म्हणजे पोहे गार होणार. नकोच.

रजिस्ट्रेशनच नको असं मालक म्हणाले तर? म्हणू द्या. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे सांगू नका, नाहीतर तो लगेच रजिस्ट्रेशन करेल. माझा करार मात्र दुर्दैवाने रीतसर नोंदवलेला होता, पेनाची ओळ सोडून.

अकरा महिन्यांनी चाव्या द्यायला गेलो आणि ऐटीत माझी प्रिंट टेबलावर ठेवली. काकांनी चष्मा लावला, वाचलं, आणि शांतपणे कपाटातून त्यांची प्रिंट काढली. तोच समास, तीच निळी शाई, तेच सुंदर अक्षर: "पेंटिंग 15,000 ठरले".

दोघंही जरा वेळ गप्प. मग मोबाईलवर नोंदवलेला पीडीएफ उघडला, त्यात समास कोरा आणि "योग्य तो खर्च" जिथल्या तिथे. शेवटी पेंटरला बोलावून टीव्हीमागची भिंत आणि किचन दाखवलं, त्याने 6 हजार सांगितले, तेवढे कापून 54 हजार मिळाले. खाली उतरलो तर एजंट नवीन भाडेकरूला घेऊन वर चालला होता, खिशाला निळं पेन.