बदामाच्या पाकिटावरच्या सगळ्या कॅलरी पोटात उतरत नाहीत

वजन कमी करायचं ठरलं की आपल्या मुंबईत पहिली कुऱ्हाड सुक्यामेव्यावर पडते. गेल्या आठवड्यात आत्याने दादरहून फोन केला, "डाएटवालीने बदाम आणि दाणे बंद केलेत गं, तेल असतं म्हणे." तेल असतंच. बदामाच्या वजनात निम्मं तेलच असतं. तरी मला हा सल्ला चुकीचा वाटतो.

पाकिटावरचा आकडा हिशोबातून येतो: एक ग्रॅम चरबीला ९ कॅलरी, प्रथिनं आणि कर्बोदकांना ४. हे ठोकताळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर यांनी बसवले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. १८ जणांना ठरलेलं जेवण दिलं, कधी बदामाशिवाय, कधी रोज ४२ तर कधी ८४ ग्रॅम बदामांसह. मग त्यांचं मल-मूत्र गोळा करून त्यात किती ऊर्जा वाया गेली ते मोजलं. २८ ग्रॅम म्हणजे साधारण २३ बदाम. हिशोबाने त्यांच्या जवळपास १७० कॅलरी व्हायला हव्यात, शरीराला मिळाल्या १२९.

उरलेलं तेल गेलं कुठे? बदामात ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात पेशींमध्ये बंद असतं. पेशींच्या भिंती तंतूंच्या, आणि त्या पचवणारी पाचकद्रव्यं माणसाकडे नाहीत. दातांखाली ज्या पेशी फुटतात, मुख्यतः त्यांचंच तेल सुटतं. कितीही चावलं तरी बऱ्याच पेशी अख्ख्या राहतात आणि तेलासकट पुढे सरकतात. मोठ्या आतड्यातले जंतू त्यातलं थोडं वापरतात, बाकीचं बाहेर पडतं.

म्हणूनच रूप बदललं की हिशोब बदलतो. याच गटाच्या पुढच्या प्रयोगात कच्च्या अख्ख्या बदामांची तूट २५ टक्क्यांच्या आसपास निघाली, भाजलेल्यांची १९. बदामाचं लोणी केलं तेव्हा मात्र तूट राहिलीच नाही, कारण दळताना पेशी आधीच फुटतात. शेंगदाण्यांचंही तसंच: अख्खे खाल्ले तर जितकी चरबी न पचता बाहेर जाते, तितकी पीनट बटर किंवा तेल खाऊन जात नाही.

पण तीस-चाळीस कॅलरींच्या तुटीने सगळं उलगडत नाही. चावायला लागणारा वेळ, तंतू आणि प्रथिनं यांमुळे पोट भरल्यासारखं वाटतं आणि पुढच्या जेवणात माणूस आपोआप कमी खातो. ही भरपाई बहुधा जास्त मोठी असते. मात्र जेवण तेवढंच ठेवून वर वाटीभर तळलेले खारे काजू खाल्ले, तर वजन वाढेलच.

आत्याला मी सांगितलं, संध्याकाळी वेफर्सऐवजी मूठभर अख्खे दाणे खा, नीट चावून. साबुदाण्याच्या खिचडीतलं कूट मात्र पुरतं मोजायचं, कारण तिथे दातांचं काम मिक्सरने आधीच केलेलं असतं.