ज्याची नोंदणी आधी त्याचा प्लॉट? साफ चूक!

आज सकाळपासून तो एक फॉरवर्ड तीन ग्रुपवर येऊन गेला. "एकच प्लॉट दोघांना विकला तर ज्याने आधी रजिस्ट्रेशन केलं तो मालक. सावध रहा, शेअर करा." खाली पन्नास अंगठे. त्यात दोन अंगठे वकिलांचे! डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबू दे.

एक प्रकरण घ्या. मालकाकडे एक एन.ए. प्लॉट आहे. १२ जानेवारीला त्याने एका शिक्षकाला खरेदीखत करून दिलं. मुद्रांक शुल्क भरलेलं, पूर्ण रक्कम बँकेतून गेलेली, दोघांच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या. "नोंदणीला पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणाला आणि गायब झाला. ३ मार्चला त्याच मालकाने तोच प्लॉट दुसऱ्याला विकला आणि त्याच दिवशी नोंदवूनही दिला. एप्रिलच्या सुरुवातीला दुसऱ्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं. शिक्षकाने आपला दस्त २० एप्रिलला दुय्यम निबंधकाकडे दाखल केला. समन्स निघालं, मालक आला, सही कबूल केली आणि दस्त नोंदला गेला.

फॉरवर्डच्या हिशेबाने प्लॉट दुसऱ्याचा. कायद्याने शिक्षकाचा.

का? नोंदणी अधिनियम, १९०८, कलम ४७. नोंदवलेला दस्त नोंदणीच्या तारखेपासून नाही, तर नोंदणीची गरजच नसती तर ज्या वेळेपासून लागू झाला असता त्या वेळेपासून अमलात येतो. म्हणजे सह्या झाल्या त्या दिवसापासून. शिक्षकाचं खत १२ जानेवारीला मागे जातं. मग ३ मार्चला मालकाच्या हातात विकायला उरलं काय? शून्य. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ४८ हेच सांगतं: आधी दिलेल्या हक्काच्या आड नंतर दिलेला हक्क येत नाही. जे आपलं नाही ते विकता येत नाही, एवढंच आहे हे.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०२४ मध्ये असंच प्रकरण होतं. पहिलं खरेदीखत १९८५ चं, नोंदणी थेट २०११ मध्ये. मधल्या काळात, २०१० मध्ये, दुसरी विक्री. निकाल पहिल्या खरेदीदाराच्या बाजूने लागला. पंचवीस वर्षांचं अंतर होतं, तरी! आणि इथे लोक तीन महिन्यांवरून "आधी रजिस्ट्रेशन" करतायत.

आता अट. यात सगळं अडतं ते मुदतीवर. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला दाखल व्हायला हवा, नोंदणी पूर्ण व्हायला नंतर वेळ लागला तरी, म्हणजे शिक्षकाला १२ मेपर्यंत वेळ होता. चुकलं तर आणखी चार महिने, पण दंड भरून, आणि तो नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत जाऊ शकतो. त्यानंतर दार बंद. न नोंदवलेलं खरेदीखत कपाटात ठेवून "माझं आधीचं" म्हणणाऱ्याला काही मिळत नाही, कारण कलम ५० नुसार नोंदवलेला दस्त न नोंदवलेल्याच्या वर चढतो. तेवढ्यापुरतं तो फॉरवर्ड बरोबर आहे, मान्य. तेवढ्यापुरतंच.

आणि मालक आलाच नाही, किंवा आला आणि "ही सही माझी नाही" म्हणाला तर? इथे लोक हातपाय गाळतात. नका गाळू. दस्त मुदतीत दाखल करा आणि समन्स काढायला अर्ज द्या. त्याने सही नाकारली तर नोंदणी नाकारल्याचा आदेश लेखी घ्या, तीस दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अर्ज करा. तिथेही नकार आला तर पुन्हा तीस दिवसांत दिवाणी न्यायालयात दावा. हे दिवस कॅलेंडरवर खुणा करून मोजायचे. वकिलाच्या "बघू पुढच्या आठवड्यात" वर नाही.

हो, कुणीतरी विचारणारच, मग मागची तारीख टाकून खोटं खत बनवलं तर? बनवतात. पण पकडता येतं. मुद्रांक शुल्काच्या चलनाची तारीख बघा. महाराष्ट्रात ते सहीच्या आधी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं असतं. १२ जानेवारीच्या खताला एप्रिलचं चलन असेल तर प्रश्न विचारा. पैसे बँकेतून कधी गेले ते बघा. रोखीने दिले म्हणत असेल तर आणखी चार प्रश्न विचारा.

आता दुसऱ्या खरेदीदाराबद्दल. लिहिता लिहिता मलाच वाईट वाटू लागलं. त्याने सर्च घेतला असेल, इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, कोरी दिसली असेल, कारण शिक्षकाचा दस्त तेव्हा नोंदलाच नव्हता. सातबाऱ्यावर मालकाचंच नाव. बिचाऱ्याने आणखी काय करायचं? मूळ दस्त प्रत्यक्ष मागायचे, प्लॉटवर कुणाचा ताबा आहे ते जाऊन बघायचं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. यातलं काही केलं असतं तर कदाचित शिक्षक पुढे आला असता. कदाचित. पण सातबारा हातात नाचवून "माझं नाव आहे" म्हणू नका. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी येत नाही. दुसऱ्या खरेदीदाराच्या हाती उरतो तो मालकाकडून पैसे वसुलीचा दावा आणि फसवणुकीची तक्रार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), आधीचं ४२०.

आणि "बाकी रक्कम आली नाही म्हणून परत विकला" म्हणणारे मालक! खरेदीखत करून दिल्यावर थोडी रक्कम बाकी असेल तर त्या रकमेचा बोजा जमिनीवर राहतो, मालकी परत येत नाही. वसुलीचा दावा करा. दुसऱ्याला विकायची परवानगी नाही मिळालेली तुम्हाला.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. शिक्षकाकडे खरेदीखताऐवजी नुसतं साठेखत असतं तर चित्र पालटलं असतं. साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही, फक्त "मला विकून दे" म्हणण्याचा हक्क येतो. तेव्हा प्रश्न एकच: दुसऱ्याला त्या साठेखताची माहिती होती का? माहिती नसताना, प्रामाणिकपणे, पैसे मोजून घेतलं असेल तर विशिष्ट सहाय्य अधिनियमाचं कलम १९ त्याला वाचवतं. मात्र माहिती नव्हती हे त्यालाच दाखवावं लागतं, आणि साठेखत नोंदवलेलं असेल तर ते इंडेक्स टूमध्ये दिसतं, मग "माहीत नव्हतं" कसं पटणार? माहिती होती असं ठरलं तर न्यायालय दुसऱ्यालाही खतात सामील करून शिक्षकाच्या नावे खरेदी करायला लावतं. हा दावा तीन वर्षांत, हेही लक्षात असू द्या.

म्हणून साठेखत करताय तर त्याच दिवशी नोंदवा. खरेदीखत करताय तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच सह्या करा आणि शेवटचा चेक मालकाने तिथे सही कबूल केल्यावर द्या. सर्व्हर बंद असतो, रांग असते, मलाही ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी या. घरी बसून सह्या आणि पैसे दोन्ही देऊ नका.

त्या शिक्षकाने आता मालकी जाहीर करून घ्यायचा दावा लावायचा, दुसऱ्याने प्लॉट आणखी कुणाला विकू नये म्हणून मनाई हुकूम मागायचा, आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाकायची. नाहीतर उद्या तिसरा खरेदीदार इंडेक्स टूची प्रत घेऊन त्याच्या दारात उभा असेल.