‘१०० एमबीपीएसपर्यंत’ म्हणजे किमान ८० नव्हे

“जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ लिहिले असले, तरी ट्रायच्या नियमाने कंपनीला ८० टक्के वेग द्यावाच लागतो. स्पीड टेस्टमध्ये ८० च्या खाली आकडा आला, की स्क्रीनशॉट ट्रायला पाठवा, त्या महिन्याचे बिल माफ होते. त्यामुळे धंद्यासाठी लीज्ड लाइन घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.” (रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणारा मेसेज)

८० टक्क्यांचा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड गुणवत्ता नियमावलीत तो होता. मात्र तो कंपनीच्या नोडपासून, म्हणजे भागातल्या तिच्या जोडणी-केंद्रापासून, ग्राहकाच्या घरापर्यंतच्या टप्प्यासाठी होता. नोडच्या पलीकडे मुंबईकडे जाणारी वाट किती भरलेली आहे, हे त्या आकड्यात मोजले जात नव्हते. त्याच नियमावलीत आणखी एक ८० टक्के होते आणि बहुधा दोहोंची सरमिसळ झाली आहे: गर्दीच्या वेळी कंपनीचा कोणताही दुवा ८० टक्क्यांहून अधिक भरू नये, अशी ती अट होती. ती जुनी नियमावली आता लागूही नाही. तिच्या जागी १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी आली आहे. मुळात असे निकष कंपनीने आपल्या सेवेचा हिशेब नियामकाला द्यावा यासाठी असतात. ते चुकल्यास होणारा आर्थिक दंड नियामकाने सांगितलेल्या खात्यात जमा होतो, ग्राहकाच्या बिलातून वजा होत नाही.

मग ‘पर्यंत’ हा शब्द नेमके काय देतो? तो फक्त छत ठरवतो. कंपनीच्या यंत्रणेत आपल्या खात्याला १०० ची मर्यादा लावलेली असते आणि वाट मोकळी असली तर तेवढा वेग मिळतो. खालची जमीन किती खोल आहे, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. ट्रायने २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास या प्रमाणापर्यंत, म्हणजे एकाची क्षमता पन्नास ग्राहकांत, वाटणी मान्य केली होती. या हिशेबाने सर्वांनी एकाच क्षणी पूर्ण वेग मागितला, तर १०० च्या जोडणीच्या वाट्याला २ एमबीपीएस येतात. जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येप्रमाणे जोडणीला ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएसची क्षमता पुरते, हेही येथे लक्षात घ्यावे.

वाटणी ही लबाडी नव्हे, कारण सगळी घरे एकाच क्षणी डेटा ओढत नसतात आणि म्हणूनच घरगुती जोडणी परवडते. प्रश्न उरतो तो गर्दीच्या वेळेचा. समजा, रत्नागिरीत राहणारे एक रेडिओलॉजिस्ट रात्री घरून बाहेरच्या रुग्णालयांचे सीटी स्कॅन वाचतात आणि एका रुग्णाच्या प्रतिमा ५०० मेगाबाइटच्या असतात. वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये, म्हणून ५०० ला ८ ने गुणले, की ४,००० मेगाबिट होतात. मध्यरात्री १०० एमबीपीएस मिळाले, तर हे काम ४० सेकंदांत होते. आता समजा, त्यांच्या स्थानिक केबल ऑपरेटरचे ४०० ग्राहक आहेत आणि त्याने वरच्या कंपनीकडून १ जीबीपीएस, म्हणजे १,००० एमबीपीएस, घेतले आहेत. रात्री नऊला त्यांपैकी ५० घरे एकाच वेळी भरभरून डेटा ओढत असतील, तर सरासरी २० एमबीपीएस वाट्याला येतात आणि तोच स्कॅन २०० सेकंद घेतो. गणपतीत चाकरमानी गावी आले, घराघरात चार-पाच फोन वाय-फायला जोडले गेले आणि ५० चे १२५ झाले, की वाटा ८ वर येतो. मग आठ मिनिटांहून अधिक थांबावे लागते. या तिन्ही वेळी ऑपरेटरने ‘१०० पर्यंत’ हे वचन तंतोतंत पाळलेले असते.

त्याच डॉक्टरांनी ३० एमबीपीएसची, एकास एक प्रमाणाची, म्हणजे कोणाशीही न वाटली जाणारी लीज्ड लाइन घेतली, तर स्कॅनला सुमारे १३३ सेकंद लागतील. मध्यरात्री ही लाइन घरगुती जोडणीपुढे हरेल, पण गणपतीत रात्री नऊलाही १३३ चे ५०० होणार नाहीत, कारण तेवढी क्षमता त्यांच्या नावाने राखून ठेवलेली असते. ज्याला लवकर होण्यापेक्षा अमुक वेळेत नक्की होणे महत्त्वाचे आहे, त्याच्यासाठी हे पैसे पाण्यात जात नाहीत. पाहुण्यांना चित्रपट दाखवणाऱ्या होमस्टेला मात्र बहुतेक वेळा त्याची गरज नसते, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने मान्य करावे लागेल.

हमीच्या किमान वेगाचा कागदही डोळे मिटून घेऊ नये. हमी कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत आहे, ती अपलोडलाही लागू आहे का, आणि वेग घसरल्यास भाड्यातून किती रक्कम व किती दिवसांत मागितल्यावर वजा होणार, हे ऑर्डर फॉर्मवर लिहिलेले असले पाहिजे. ‘३० एमबीपीएस डेडिकेटेड’ एवढेच छापलेले असेल आणि भरपाईचे कलम नसेल, तर ती हमी तोंडी लावण्यापुरतीच आहे.

आता स्क्रीनशॉट. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. तक्रार आधी कंपनीच्या केंद्रात नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो आणि तेथे समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपिली प्राधिकरणाकडे जाता येते. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तेथे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण तेथे काय कबूल केले होते हे विचारले जाईल आणि ‘पर्यंत’ लिहिलेल्या कराराच्या आधारे ८० ची मागणी टिकवणे अवघड जाईल.

शिवाय मोबाइलवर, दोन भिंतींपलीकडून, वाय-फायवर घेतलेली चाचणी कंपनीच्या वायरबद्दल फारसे काही सिद्ध करत नाही. लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या मोडेमला जोडावा, घरातली बाकीची उपकरणे बंद ठेवावीत, आणि पहाटे, दुपारी व रात्री नऊला असे काही दिवस आकडे लिहून काढावेत. पहाटे ९५ आणि रात्री २० येत असतील, तर वरची वाट तुंबते आहे. सर्व वेळी सारखाच कमी आकडा येत असेल, तर मोडेम, घरातली जोडणी किंवा खात्याला चुकून लावलेला खालचा प्लॅन तपासावा. ही चूक एका फोनने सुटण्यासारखी असते. केबलने सतत ९४-९५ येत असेल, तर तक्रारीला जागाच नाही, कारण १०० च्या पोर्टवर प्रत्यक्षात तेवढेच दिसते.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण कोकणात ती सांगितलीच पाहिजे: वेगाची हमी ही सेवा चालू राहण्याची हमी नव्हे. ही दुसरी हमी करारात वेगळ्या ओळीवर असते आणि तेथे ९९.५ टक्के वेळ लिहिलेली असेल, तरी तीस दिवसांच्या महिन्यात ३.६ तास बंद राहण्याची मुभा कंपनीला मिळते. विजेच्या खांबांवरून टांगलेल्या फायबरवर आषाढात माडाची झावळी पडली, की ३० ची हमी आणि १०० चे ‘पर्यंत’ दोन्ही शून्यावर येतात. म्हणून दुसरी लाइन घ्यायची असेल, तर ती वेगळ्या कंपनीची आहे एवढ्यावर भागत नाही. दोन्ही वायरी नाक्यावरच्या एकाच खांबावरून तर येत नाहीत ना, हे सही करण्यापूर्वी स्वतः जाऊन बघावे.