जन्मवेळ गाळून नुसती गण-नाडी छापू नका

"लग्नाच्या बायोडाटात रास, नक्षत्र, गण, नाडी एवढंच लिहा. जन्मवेळ आणि जन्मस्थळ देऊ नका, गैरवापर होतो. वेळ अंदाजे असली तरी बिघडत नाही, चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो. राक्षसगण असेल तर ती ओळच गाळा. आणि नाडी ठळक अक्षरात लिहा, एकनाड असेल तर पुढे बोलण्यात वेळ जायला नको."

पत्रिका पाहायची की नाही हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं, त्यात मी पडत नाही. पण पाहणाऱ्याला माहिती द्यायचीच असेल तर ती पडताळून पाहता आली पाहिजे. या सल्ल्यानं नेमकी तीच सोय जाते.

जन्मवेळेपासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. गण आणि नाडी दोन्ही नक्षत्रावरून ठरतात. २७ नक्षत्रांपैकी ९ देवगणी, ९ मनुष्यगणी आणि ९ राक्षसगणी; नाडीचीही आद्य, मध्य, अंत्य अशी नऊ-नऊची वाटणी. जन्माच्या क्षणी चंद्र ज्या नक्षत्रात असेल ते जन्मनक्षत्र, आणि तो क्षण तारीख-वेळेशिवाय कळत नाही. वेळ चुकली की नक्षत्र चुकू शकतं, आणि नक्षत्र चुकलं की त्याखालची प्रत्येक ओळ संशयात येते. नुसतं 'नाडी मध्य' छापलेलं समोरच्या घरच्या गुरुजींनी कशाच्या जोरावर खरं मानायचं?

एक उदाहरण नीट उलगडून पाहू. समजा, ११ तारखेचा सोमवार आहे. पंचांगात चित्रा नक्षत्र सोमवारी पहाटे २:१० ला लागतं आणि उत्तररात्री २:१० पर्यंत आहे, त्यानंतर स्वाती. मुलीचा जन्म सोमवारची रात्र उलटून दीड वाजता झाला. इंग्रजी तारीख मध्यरात्रीच बदलली, म्हणजे तारीख १२, वार मंगळवार. खरं जन्मनक्षत्र चित्रा, चौथा चरण, म्हणजे नक्षत्राच्या चार भागांतला शेवटचा. रास तूळ, गण राक्षस, नाडी मध्य.

पण घरात सगळ्यांच्या तोंडी काय असतं? "सोमवारी रात्री झाली, दीड वाजता." आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे आजी म्हणते ते तिच्या हिशेबानं बरोबरच असतं. बायोडाटा करणारा भाऊ मात्र 'सोमवार, ११ तारीख, १:३०' असं लिहून मोकळा होतो. कुंडलीच्या सॉफ्टवेअरमध्ये ११ तारीख आणि रात्रीचे १:३० घातले की ते चोवीस तास मागची वेळ धरतं. तेव्हा चित्रा लागलेलीच नाही. उत्तर येतं हस्त नक्षत्र, कन्या रास, देवगण, आद्य नाडी. आता समजा तारीख बरोबर १२ लिहिली, पण 'रात्री' हा शब्द राहिला आणि समोरच्यानं १:३० म्हणजे दुपारचे दीड धरले. तेव्हा चंद्र स्वातीत गेलेला: रास तूळच, पण गण देव आणि नाडी अंत्य.

एकाच 'दीड'मधून आद्य, मध्य आणि अंत्य या तिन्ही नाड्या निघाल्या. मुलगा अनुराधा नक्षत्राचा असेल, तर त्याची नाडी मध्य. खऱ्या वेळेनं एकनाड येते आणि नाडीच्या ८ गुणांपैकी शून्य मिळतात; दोन्ही चुकीच्या वेळांनी पूर्ण ८ मिळतात. ही चूक साखरपुडा ठरल्यावर उघड झाली की दोन घरांत जे बोलणं होतं ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये. फसवलं असं कुणी म्हणतं, आणि फसवायचं कुणाच्याच मनात नसतं. म्हणून मध्यरात्रीनंतरचा जन्म असेल तर दोन्ही वार लिहा: 'सोमवारची रात्र उलटून मंगळवारी १:३०'. वाचायला जरा लांबट वाटतं, पण घोटाळ्याला जागा उरत नाही. बाराच्या आसपासची वेळ तर २४ तासांच्या घड्याळानं लिहिलेली उत्तम. 'रात्री १२:१५' यावर वाद होऊ शकतो, ००:१५ वर होत नाही.

सव्वादोन दिवसांचं म्हणणं खरं आहे, पण ते राशीपुरतं. नक्षत्र साधारण एक दिवस टिकतं, त्याचा एक चरण सहा तासांच्या आसपास, आणि पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तर सरासरी दोन तासांत बदलतं. वेळ अंदाजे असण्यात लाज वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात मिळणाऱ्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते, त्यामुळे दवाखान्याचा कागद हरवला की अनेक घरांत वेळ आठवणीवरच असते. अशा वेळी अंदाजाच्या अर्धा तास मागची आणि अर्धा तास पुढची वेळ घालून पाहा. दोन्हींत नक्षत्र आणि चरण तेच आले, तर 'अंदाजे' एवढा शब्द जोडून निर्धास्त लिहा. बदलले, तर ते मोकळेपणानं सांगा: 'चित्रा चौथा चरण किंवा स्वाती पहिला, वेळ अंदाजे'. सोयीचं नक्षत्र निवडून ते ठामपणे छापणं हे मात्र खोटं बोलणंच आहे.

जन्मस्थळाबद्दल थोडं वेगळं आहे. देशभर घड्याळ एकच, त्यामुळे भारतात कुठेही जन्म झाला तरी नक्षत्र, गण, नाडी यांत स्थळामुळे फरक पडत नाही. परदेशात जन्म झाला असेल तर मात्र वेळ कुठली हे गावावरूनच कळतं. शिवाय लग्न स्थळावर अवलंबून असतं. मुंबई आणि नागपूर यांच्या स्थानिक वेळेत सुमारे २५ मिनिटांचा फरक आहे; तेवढ्यात लग्न साधारण सहा अंश सरकतं आणि राशीच्या कडेवर असेल तर बदलतं. मंगळ लग्नापासून कितव्या स्थानात आहे ते पाहतात, म्हणून 'मंगळ आहे' किंवा 'नाही' ही ओळ स्थळाशिवाय अधांतरी राहते. इथे नेहमी होणारी चूक अशी की जन्मस्थळाच्या जागी मूळ गाव लिहिलं जातं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा आईच्या माहेरी. गाव साताऱ्याचं आणि जन्म अकोल्याचा असेल तर जन्मस्थळ अकोला.

गैरवापराची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता एका कागदावर घालून तो अनोळखी हातांत सोडणं धोक्याचंच आहे. पण त्यावर उपाय म्हणून पत्ता गाळा, पगाराचा आकडा गाळा, दवाखान्याचं नाव तर लिहूच नका. जन्मस्थळ म्हणून शहर किंवा तालुका पुरे. तरीही संकोच वाटत असेल तर दोन प्रती करा. सगळीकडे जाणाऱ्या प्रतीत नक्षत्र आणि चरणापर्यंतच माहिती ठेवा आणि 'जन्मवेळ संपर्कानंतर' असं स्पष्ट लिहा. बोलणं सुरू झालं की दुसरी प्रत द्या.

राक्षसगणाची ओळ गाळण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. एक तर त्यानं काहीच लपत नाही: नक्षत्र 'मघा' लिहिलं की गण राक्षस हे पंचांग उघडणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळतं. उलट बाकी सगळं लिहून तेवढीच जागा रिकामी ठेवली की नजर तिथेच जाते. दुसरं, हा गण २७ पैकी ९ नक्षत्रांचा आहे आणि गुणमेलनाच्या ३६ पैकी गणाला ६ गुण आहेत. ते माणसाच्या स्वभावाचं प्रमाणपत्र नव्हे. मुलीच्या बायोडाटातून ही ओळ काढायला सांगणारे तिला विनाकारण ओशाळं करतात. सरळ लिहा.

राहिली ठळक अक्षरातली नाडी. प्रत्येक नाडीत नऊ नक्षत्रं, त्यामुळे कुठलीही दोन स्थळं घेतली तरी साधारण तीनात एकदा एकनाड येणारच. एवढ्यावरच कागद बाजूला ठेवायचा म्हटलं, तर शास्त्रानंच दिलेले अपवाद आपण न पाहता सोडतो. रास एक पण नक्षत्रं वेगळी, नक्षत्र एक पण राशी वेगळ्या, किंवा नक्षत्र एक पण चरण वेगळे, अशा वेळी नाडीदोष मानत नाहीत. यांतला कुठला अपवाद धरायचा यावर ज्योतिषांत मतभेद आहेत, पण पाहणी तरी व्हायला हवी, आणि तिच्यासाठी चरण लागतो. आर्द्रा आणि पुनर्वसू दोन्ही आद्य नाडीची. मुलगा आर्द्रेचा, म्हणजे मिथुन राशीचा. मुलगी पुनर्वसूच्या दुसऱ्या चरणाची असेल तर तिचीही रास मिथुन, आणि पहिला अपवाद लागू होतो. तीच चौथ्या चरणाची असेल तर रास कर्क, आणि तो अपवाद लागत नाही. बायोडाटात नुसतं 'पुनर्वसू, आद्य' असेल तर हा फरक दिसणारच नाही.

याच ओघात नाडी आणि रक्तगट यांची सरमिसळ होते तीही थांबवा. नाडीवरून रक्तगट कळत नाही आणि एकनाड म्हणजे एक रक्तगट असंही नसतं. रक्तगट तपासून घेऊन वेगळ्या ओळीत, पॉझिटिव्ह-निगेटिव्हसकट लिहा.

वरच्या उदाहरणातल्या मुलीचा भाग मी असा मांडेन:

जन्मतारीख: १२ (पुढे महिना आणि साल)
जन्मवेळ: ०१:३०, सोमवारची रात्र उलटून मंगळवारी (दवाखान्याच्या कागदावरून)
जन्मस्थळ: अकोला
रास: तूळ
नक्षत्र: चित्रा, चरण ४
गण: राक्षस
नाडी: मध्य

कंसात वेळ कुठून मिळाली ते आवर्जून घाला. छापण्याआधी चारही ओळी एकमेकींशी जुळतात का ते पाहा: चित्रेसमोर 'देवगण' किंवा रोहिणीसमोर 'मिथुन रास' दिसली तर कुठेतरी नक्कल चुकली आहे. आणि माहिती घरातल्या जुन्या हस्तलिखित पत्रिकेतून उतरवली असेल, तर ती कुठल्या पंचांगावरून केली तेही विचारा. टिळक पंचांग आणि महाराष्ट्रात जास्त चालणारी चित्रापक्षीय पंचांगं यांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची या हिशेबात, सुमारे चार अंशांचा फरक आहे. चंद्राला तेवढं अंतर कापायला सात-एक तास लागतात, म्हणजे एकाच अचूक वेळेची दोन वेगळी नक्षत्रं निघू शकतात. अशा घरात दोन्ही पत्रिका बरोबर असतात. बायोडाटात नक्षत्रापुढे पंचांगाचं नाव लिहावं आणि मुलाची व मुलीची पत्रिका एकाच पद्धतीनं पुन्हा मांडून मग गुण मोजावेत.